डावीकडचा की मागचा? एका भजन मंडळाच्या फोटोतले वडील

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका वाडीतून हा फोटो माझ्याकडे दुरुस्तीला आला. पोस्टकार्डाएवढा, काचेला एका कोपऱ्यात चिकटलेला, कडेने कसरीने खाल्लेला. देवळासमोर भजन मंडळ बसलंय, पुढे मृदंग आणि टाळ, मध्ये एक पाटी: मंडळाचं नाव आणि 'शके १८८०'. म्हणजे साल १९५८ किंवा १९५९. फोटो ज्यांच्या घरातला, त्यांना सगळे माई म्हणतात, म्हणून इथंही माईच. माईंचा जन्म १९६१ चा. त्या दोन वर्षांच्या असताना वडील गेले. वडील या मंडळात होते हे घरात सगळ्यांना ठाऊक, पण बारा-तेरा चेहऱ्यांतले नेमके कोणते, हे सांगणारं कुणी उरलेलं नाही. फोटोच्या मागे नावं नाहीत.

घरच्यांनी स्वतःपुरता निकाल केव्हाच लावला होता. पुढच्या रांगेत अगदी डावीकडे बसलेला, दात दिसतील असा हसणारा, रुंद जबड्याचा तरुण. माईंच्या चुलत बहिणीने तो पाहिला आणि म्हणाल्या, "अगो, हो तर तुझ्या झिलासारखोच दिसता!" त्या दिवसापासून तो माईंचा बाप ठरला. माईंचं स्वतःचं मत मात्र मागच्या रांगेत, मांडवाच्या सावलीत उभ्या असलेल्या दुसऱ्या एकाकडे झुकत होतं. का, ते त्यांना सांगता येत नव्हतं. "बघितल्यावर वाटतं" एवढंच.

फोटो साफ करून देणं हे माझं काम. पण फ्रेममध्ये बसवताना खाली नाव घालायचं होतं, त्यामुळे हे प्रकरण नीट तपासावं लागलं.

पहिली अडचण फोटोत नव्हती, बघणाऱ्यांत होती. एकदा नातं सांगितलं की साम्य दिसायला लागतं. पादुआ विद्यापीठातल्या ब्रेसान आणि दाल मार्तेल्लो यांनी २००२ मध्ये हे दाखवून दिलं: हे मूल आणि हा मोठा माणूस बाप-लेक आहेत असं सांगितलं की लोकांना त्यांच्यात जास्त साम्य दिसतं, मग ते खरे बाप-लेक असोत वा नसोत. बारशाला आलेल्या बायका पाळण्यात डोकावून "अगदी बापावर गेलाय" म्हणतात, त्यातही हाच भाग मोठा असतो. तान्ही मुलं आईपेक्षा बापासारखी जास्त दिसतात, असं एका संशोधनाने १९९५ मध्ये म्हटलं होतं. नंतर इतरांनी तेच करून पाहिलं तेव्हा ते टिकलं नाही. माईंच्या घरात डावीकडचा हा बाप आहे असं इतकी वर्षं बोललं गेलं होतं, की त्या घरातल्या कुणाचंही मत आता पुरावा म्हणून धरता येत नव्हतं. माईंचंही नाही.

दुसरी अडचण तुलनेच्या फोटोंची. घरच्यांनी साम्य ताडलं ते माईंच्या आजच्या चेहऱ्याशी आणि मुलाच्या मोबाइलमधल्या फोटोशी. माईंना आता कवळी आहे. दात गेले की हिरड्यांखालचं हाड झिजतं, ओठ आत जातात, हनुवटी पुढे आल्यासारखी वाटते. कवळी बसवली की तोंडाची ठेवण परत येते खरी, पण ती दंतवैद्याने ठरवलेली. आजच्या हसण्यात वडिलांचं हसू शोधणं म्हणूनच व्यर्थ. मोबाइल हातभर अंतरावर धरून काढलेल्या फोटोत नाक फुगतं, आणि कान व जबड्याच्या कडा मागे सरकतात. मंडळाचा फोटो कित्येक हातांवरून काढलेला. त्या दोन चेहऱ्यांची रुंदी एकमेकांशी ताडून पाहण्यात काहीच हशील नाही.

म्हणून माईंची पेटी उघडली. त्यातून तीन फोटो कामाचे निघाले. एक, विशीत डीएडच्या अर्जाला लावलेला पासपोर्ट फोटो: चेहरा सरळ, डोळे उघडे, तोंड मिटलेलं. दुसरा चारेक वर्षांच्या असतानाचा. तिसरा कुणाच्या तरी मुंजीतला, पंचविशीतला, खळखळून हसताना. लग्नाचा फोटो बाजूला ठेवला, कारण त्यात नवरीची नजर खाली आहे आणि मुंडावळ्यांनी कपाळाची कड झाकलीय. बाप आणि मूल ताडायचे तर दोघांचे फोटो शक्यतो एकाच वयातले हवेत. वडील मंडळात असताना चोवीस-पंचवीस वर्षांचे, म्हणून विशीतला अर्जाचा फोटो मुख्य धरला.

जबडा

आधी जबड्याचं बघू, कारण घरच्यांचा सगळा भरवसा त्यावर होता आणि तोच सर्वांत लवकर ढासळला.

चेहऱ्याचा खालचा भाग वरच्यापेक्षा खूप उशिरा पुरा होतो. कवटी आणि डोळ्यांच्या खोबण्या लहानपणीच बऱ्याचशा वाढून घेतात. खालचा जबडा मुलींमध्ये साधारण सोळापर्यंत आणि मुलग्यांमध्ये अठरा-वीसपर्यंत लांब-रुंद होत राहतो. त्यामुळे चार वर्षांच्या माईंचा जबडा कुठल्याही मोठ्या माणसाशी ताडण्यात अर्थ नाही. वीस वर्षांच्या मुलीचा चोवीस वर्षांच्या पुरुषाशी ताडतानाही सावध राहायला हवं, कारण वयात येताना पुरुषाचा जबडा जड होतो. बापाचा चौकोनी जबडा लेकीत बऱ्याचदा फक्त हनुवटीच्या टोकाशी ओळखू येतो, कानाखालच्या कोपऱ्यात नाही.

घरच्यांनी साम्य बघितलं होतं ते माईंच्या मुलाशी. मुलगा म्हणजे नातू. तो पुरुष आहे, वयही त्या फोटोत साधारण तेवढंच, म्हणून तुलना रास्त वाटते. पण मुलाला दोन आजोबा असतात. मी माईंच्या यजमानांचा त्याच वयातला फोटो मागवला आणि मुलाच्या फोटोशेजारी ठेवला. कानाखालचा तोच रुंद कोपरा, हनुवटीवर तीच हलकी खाच. मुलाचा जबडा सरळ सरळ बापाच्या घरचा होता, आजोळचा त्यात काही संबंध नव्हता. कुठल्याही अवयवावरून आजोबा-नातू साम्य काढताना दुसऱ्या बाजूचा फोटो शेजारी ठेवला नाही, तर असं हमखास होतं. माईंचा स्वतःचा जबडा अरुंद आणि हनुवटी थोडी टोकदार. तो ना डावीकडच्याशी पक्का जुळत होता, ना मागच्याशी.

हसू

डावीकडच्याचं हसू हा घरच्यांचा दुसरा आधार. "दातांत फट आहे बघा, माईच्या होती तशी." मुंजीच्या फोटोत माईंच्या समोरच्या दोन दातांत खरोखरच फट दिसते. पुढच्या दातांतली अशी फट पुष्कळदा घराण्यात चालत येते, म्हणून हा मुद्दा सहज सोडण्यासारखा नव्हता.

मंडळाच्या फोटोत प्रत्येक चेहरा केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंत सुमारे ६ मिलिमीटर. प्रत्यक्षात तेवढ्याच भागाची उंची साधारण १८ सेंटिमीटर, म्हणजे फोटो तीसपट लहान. समोरचा दात सुमारे साडेआठ मिलिमीटर रुंद असतो. फोटोत तो ०.३ मिलिमीटरहूनही बारीक. दोन दातांतली दीड मिलिमीटरची फट कागदावर ०.०५ मिलिमीटर. १२०० डीपीआयला स्कॅन केलं तर फटीच्या वाट्याला दोन-अडीच पिक्सेल येतात, आणि जुन्या कागदावरचा तपशील मुळात तेवढाही बारीक नसतो. स्कॅनरचा आकडा आणखी वाढवला तर कागदाचे तंतू मोठे होतील, दात होणार नाहीत. घरच्यांना दिसलेली फट म्हणजे छपाईचा एक काळा ठिपका होता.

मग फोटो खिडकीपाशी नेऊन तिरक्या उजेडात धरला. कोकणातल्या दमट हवेत फोटोच्या वरच्या जिलेटिनच्या थराला बुरशी लागते. बुरशी जिथे खाते तिथली चकाकी जाते आणि पांढुरके, मंद डाग उरतात. समोरून बघताना ते डाग फोटोतल्या पांढऱ्या भागासारखेच दिसतात. तिरक्या उजेडात फरक कळतो: फोटोतला पांढरा चकाकतो, डाग चकाकत नाही. डावीकडच्याच्या तोंडाचा उजवा अर्धा भाग मंद होता. म्हणजे जे दात दिसत होते त्यातले निम्मे बुरशीचे.

उरलेलं निम्मं तरी हसू होतं का, याचीही मला शंका आहे. पुढच्या रांगेवर ऊन डोक्यावरून पडतंय, टोपीची सावली पार नाकापर्यंत आलीय. उन्हात डोळे किलकिले केले की गाल वर चढतात, त्यांच्याबरोबर वरचा ओठही ओढला जातो आणि दात उघडे पडतात. खरं हसू असेल तर तोंडाचे कोपरे मागे आणि वर जातात. नुसतं ऊन असेल तर कोपरे जागेवर राहतात आणि ओठाचा मधला भागच उचलला जातो. डावीकडच्याचा एक कोपरा बुरशीत गेलाय. दिसतो तो जवळजवळ जागेवर आहे.

तरीही हसू हा मुद्दा मुळातच टाकाऊ आहे असं नाही. हसण्याची ढब घरात उतरते. इस्राएलमधल्या संशोधकांनी २००६ मध्ये जन्मांध माणसं आणि त्यांचे नातेवाईक यांच्या चेहऱ्यावरच्या हालचाली ताडल्या होत्या. ज्यांनी घरच्यांचा चेहरा कधी पाहिलाच नाही, त्यांच्याही हालचाली स्वतःच्या घरच्यांशी जास्त जुळल्या. पण ते सगळं हलत्या चेहऱ्यावरून ठरलं होतं. थांबलेल्या फोटोतून हसू ताडायचं तर निदान दोन्ही फोटोंत ते सारखंच रुंद हवं, दोन्ही चेहरे एकाच दिशेला हवेत, आणि तोंड बुरशीने खाल्लेलं नसावं. इथं यातलं एकही नव्हतं. हसू बाद.

डोळे

मारिया दाल मार्तेल्लो आणि लॉरेन्स मॅलोनी यांनी २००६ मध्ये चेहऱ्याचे वेगवेगळे भाग झाकून लोकांना नातं ओळखायला लावलं होतं. चेहऱ्याचा वरचा अर्धा झाकला की लोक जास्त चुकू लागले, डोळे झाकले तरीही. तोंड झाकलं तेव्हा मात्र फारसं काही बिघडलं नाही. त्यांचे फोटो लहान मुलांचे होते आणि नातं भावंडांचं, त्यामुळे ते जसंच्या तसं इथं लावता येत नाही. पण कारण इथंही लागू पडतं: वरचा भाग लवकर पुरा होतो आणि वयानुसार कमी बदलतो.

डोळ्यांचा रंग मात्र बाजूला ठेवावा लागला. कोकणात घाऱ्या डोळ्यांची घरं पुष्कळ, त्यामुळे पहिला प्रश्न नेहमी "घारे होते का?" हाच असतो. तेवढ्या जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोत, तेही ६ मिलिमीटरच्या चेहऱ्यावर, बुबुळाचा रंग सांगता येत नाही. बघायचा तो आकार: वरच्या पापणीची घडी पापणीच्या केसांपासून किती वर आहे, बाहेरच्या कोपऱ्यावर कातडीची घडी येते का, भुवई आणि पापणी यांत अंतर किती, दोन्ही पापण्या एका उंचीवर आहेत का.

माईंच्या अर्जाच्या फोटोत घडी अगदी केसांलगत आहे, बाहेरचा कोपरा कातडीने किंचित झाकलेला, आणि उजवी पापणी डावीपेक्षा थोडी खाली. ही खाली असलेली पापणी चार वर्षांच्या फोटोतही आहे, म्हणजे ती वयाची नाही, जन्मापासूनची.

मागच्या माणसाची उजवी पापणी खाली दिसत होती. पण लगेच हुरळून जायचं नसतं. जुना फोटो काढताना निगेटिव्ह उलटी ठेवली गेली तर उजवं डावं होतं. इथं पाटीवरची अक्षरं सुलटी आहेत, त्यामुळे तो प्रश्न मिटला. पाटी नसती तर पुरुषांच्या शर्टाची बटणपट्टी बघितली असती: डावी बाजू उजवीवर येते. दुसरी खबरदारी मानेची. मान वर केली की भुवई आणि पापणी यांतलं अंतर बदलतं, आणि डोळा झुकल्यासारखा वाटतो. मान वर आहे का, हे कानांवरून कळतं. मान वर गेली की कान डोळ्यांच्या रेषेच्या खाली उतरतात. मागच्याचे कान जागेवर होते, चेहरा सरळ होता. सावलीत उभा असल्यामुळे डोळेही पुरते उघडे.

डावीकडच्याचे डोळे किलकिले असल्याने त्यांतून काहीच वाचता आलं नाही. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

न सांगता विचारणं

माझं स्वतःचं मत आता मागच्याकडे झुकलं होतं, आणि म्हणूनच ते तपासायला दुसरे डोळे हवे होते. सहा चेहरे कापून काढले, सगळे एका आकाराचे, एका करड्या छटेत, दोन बाहुल्यांमधलं अंतर सारखं करून. दोन आपले, बाकी चार भरीचे. भरीचे चेहरे त्याच मंडळातून घेता आले नसते. कोकणातल्या वाडीत अर्धं मंडळ एकाच भावकीचं असतं. भरीचा म्हणून घेतलेला माणूस माईंचा चुलतचुलता निघाला असता, तर त्याच्याशी साम्य दिसणं चूक ठरलं नसतं. म्हणून चौघे माझ्या संग्रहातल्या गुहागरकडच्या एका मंडळाच्या फोटोतून घेतले, त्याच सुमाराचे, टोपीवाले, तेवढ्याच वयाचे.

हे सहा चेहरे आणि माईंचा अर्जाचा फोटो घाटावरच्या बारा ओळखीच्यांना दाखवले. गोष्ट सांगितली नाही, "यांतला बाप कोण" असंही विचारलं नाही. "या मुलीच्या नात्यातला कुणी असेल तर कोण?" एवढंच. पूर्ण चेहरा बघून पाच जणांनी डावीकडचा निवडला, चौघांनी मागचा, तिघांनी भरीचे. नुसता वरचा अर्धा दाखवला तेव्हा सात जण मागच्याकडे गेले, दोघे डावीकडच्याकडे. नुसता खालचा अर्धा दाखवला तर उत्तरं सगळीकडे विखुरली.

बारा माणसांवरून फार काही म्हणू नये. शिवाय वरच्या अर्ध्याच्या खेपेला डावीकडच्यावर अन्याय झाला होता, त्याचे डोळे मिटल्यासारखेच होते. त्यामुळे त्या सातांचा अर्थ "मागचा माईंसारखा दिसतो" एवढाच. "डावीकडचा दिसत नाही" असा त्यातून निघत नाही. उलट पूर्ण चेहऱ्यावर पाच अनोळखी माणसांनी डावीकडचा निवडावा, हे मला अनपेक्षित होतं. फट खोटी, हसू निम्मं बुरशीचं, जबडा मुलाच्या बापाचा. तरी काहीतरी जुळत होतं.

चुलता

माईंना विचारलं, वडिलांना भाऊ होते का. दोन होते. धाकटा मंडळात मृदंग वाजवायचा आणि पुढे जहाजावर गेला. थोरला वडिलांपेक्षा दहा वर्षांनी मोठा, लवकर वारला, त्याचा एकही फोटो नाही.

साम्याने नातं कळतं, पण कोणतं नातं ते कळत नाही. बापाशी मूल निम्म्या वारशाने जुळतं, सख्ख्या काकाशी सरासरी पावाने, आणि चेहऱ्यात तो पावसुद्धा निम्म्याइतका ठळक उतरू शकतो. दोन भावांतून बाप निवडायला मुलाचा चेहरा अपुरा पडतो. प्रश्न आता बदलायला हवा होता: हा माईंसारखा दिसतो का, असं विचारणं सोडून, हा आणि तो एकच माणूस आहे का, असं विचारायचं.

यासाठी दोन फोटो हाताशी होते. धाकट्या चुलत्याच्या मुलाकडे त्यांच्या जहाजाच्या सीडीसीवरचा, म्हणजे खलाशाच्या नोंदवहीतला, फोटो निघाला. आणि वडिलांचा म्हणून घरात भिंतीवर मोठा केलेला फोटो होताच. त्यावर मी आधी विश्वास ठेवला नव्हता, कारण ते गेल्यावर एका स्टुडिओने कुठल्याशा ओळखपत्रावरून मोठा करून हाताने रंगवलेला. कोट नंतर चढवलेला, डोळ्यांत पांढरा रंग भरलेला, जबड्याची कड पेन्सिलीने ओढलेली. डोळे, ओठ, जबडा, म्हणजे साम्य शोधायच्या सगळ्या जागा रंगाऱ्याच्या हातच्या.

रंगारी कानाकडे मात्र सहसा लक्ष देत नाही. भिंतीवरच्या फोटोत डावा कान पुरा दिसतो आणि भिंग लावलं तरी त्यावर ब्रशची खूण नाही. पाळी गालाला सरळ चिकटलेली, लोंबणारी नाही. कानाची वरची कड मागे जाऊन मधेच सपाट होते. कानाची ठेवण मोठेपणी फार बदलत नाही, म्हातारपणी पाळी लांबते तेवढीच, त्यामुळे एकाच माणसाचे दोन फोटो ताडायला कान उपयोगी. (माईंचा कान याला चालला नसता. लहानपणापासूनच्या कुड्यांनी पाळी ओढली गेलीय.)

मागच्याचा डावा कान: पाळी चिकटलेली, वरची कड मधे सपाट. डावीकडच्याची पाळी मोकळी, गोल, आणि सीडीसीवरच्या फोटोतही तशीच. मृदंग त्याच्या मांडीशीच ठेवलेला आहे, हे तेव्हा लक्षात आलं.

अंतरं मोजून, गुणोत्तरं काढून हे आणखी पक्कं करावं, असं माईंच्या मुलाने सुचवलं. मी नको म्हटलं. चेहरा जरा वळला, कॅमेरा जरा पुढे-मागे झाला की ही गुणोत्तरं हलतात. न्यायवैद्यक तज्ज्ञसुद्धा फोटो ताडताना आकड्यांपेक्षा आकाराच्या खुणांवरच भर देतात.

थोरल्या भावाचं काय, हा प्रश्न उरला. त्याचे कान कसे होते कुणालाच माहीत नाही. भावाभावांचे कान सारखे असू शकतात. वयाने तो त्या वर्षी चौतीसच्या आसपास असणार, आणि मागचा चोविशीचा वाटतो, पण ६ मिलिमीटरच्या चेहऱ्यावरून चोवीस आणि चौतीस वेगळे करणं धाडसाचं. एवढ्यासाठी मी 'नक्की' हा शब्द वापरला नाही. जनुकीय चाचणीनेही हे सुटणार नाही. ती जिवंत माणसांचं नातं सांगेल, कागदावरच्या चेहऱ्याला नाव देणार नाही.

डावीकडचा चुलता निघाला हे माईंच्या चुलत बहिणीला फारसं रुचलं नाही. "म्हणजे झील काकावर गेला?" असं त्यांनी विचारलं. मी मुलाचा आणि माईंच्या यजमानांचा फोटो पुन्हा शेजारी ठेवला.

फ्रेमखाली नावं आता अशी आहेत: पुढे डावीकडे, धाकटे काका, मृदंग. मागे उजवीकडून तिसरे, माईंचे वडील, 'बहुधा'. मागच्या बाजूला एका पाकिटात स्कॅनची प्रत, दोन्ही कानांचे कापलेले तुकडे आणि ही टिपणं घालून ठेवली आहेत. मंडळाची मूळ निगेटिव्ह किंवा थोरल्या काकांचा एखादा फोटो भावकीतल्या कुणाच्या पेटीत सापडला, तर 'बहुधा' काढायचं की नाव बदलायचं, ते त्यावरून ठरवता येईल.